आखाजीच्या गाण्यांचा निकाल, आणि बक्षिसं कशी पोचवायची ते

राम राम मंडळी,

आखाजीला घरातल्या मोठ्या बायांची गाणी रेकॉर्ड करून पाठवा म्हटलं, तेव्हा दहा-बारा येतील असं वाटलं होतं. आली ४१! ज्यांनी आजीला झोक्याजवळ बसवून, लाजू नको म्हणत गायला लावलं, त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

परीक्षकांना नावं न देता नुसते क्रमांक दिले होते. त्यातला एक आवाज एका परीक्षक ताईंच्या सासूबाईंचा निघाला. ओळखताच त्यांनी मला कळवलं. त्या गाण्याला त्यांनी गुण दिले नाहीत, बाकी दोघांच्या गुणांची सरासरी धरली. मागे पंखा घरघरतो, बकरी ओरडते म्हणून कोणाचेही गुण कापलेले नाहीत. तीन मिनिटांपेक्षा मोठी सहा गाणी मात्र स्पर्धेत धरता आली नाहीत. त्या सहाही घरी मी आधीच फोन केला आहे.

पहिला क्रमांक : अमळनेरच्या अनुसयाआजी, वय ८१. मुराळी न्यायला येतो त्या गाण्यात शेवटच्या कडव्याला त्यांचा आवाज भरून आला, जरा थांबल्या आणि पुन्हा सूर धरला. तिन्ही परीक्षकांनी त्या जागेपाशी एकच खूण केली होती.
दुसरा : नंदुरबारच्या लीलाबाई.
तिसरा : पारोळ्याच्या कमलमावशी आणि यावलच्या वत्सलाताई. दोघींचे गुण सारखे. चिठ्ठी टाकायची नाही, दोघींना पूर्ण ५०१ रुपये. जास्तीचे पैसे परीक्षकांनी न घेतलेल्या प्रवासखर्चातून निघाले.

पहिलं बक्षीस २००१ रुपये, दुसरं १००१. शिवाय चौघींना मांडे भाजायचं एकेक खापर. बक्षीस गाणाऱ्या बाईचं आहे. प्रमाणपत्रावर तिचं नाव वर आणि रेकॉर्ड करणाऱ्याचं खाली येईल. नातवंडांनो, रुसू नका.

रविवारी, १० मे रोजी सकाळी ८ वाजता जळगावात मेहरूण तलावाच्या काठी जमू. ऊन चढायच्या आत आटोपू. अनुसयाआजींना प्रवास झेपणार नाही. त्यांच्याकडे त्याच दुपारी आम्ही तिघं रेल्वेने जाऊ, सोबत कोणाला यायचं असेल तर मला सांगा. बाकी कोणाला येणं जमत नसेल तर पैसे खात्यावर टाकू. खापर पार्सलने पाठवणार नाही, फुटतं. त्या बाजूला जाणारं कोणी असेल तर त्याने मांडीवर धरून न्यावं. पारोळ्याला जाणारं एक घर मिळालं आहे, यावलसाठी अजून शोधतोय.

खातं क्रमांक, पत्ता ग्रुपवर टाकू नका. मला एकट्याला शुक्रवारपर्यंत पाठवा. गुणांचा तक्ता माझ्याकडे आहे, ज्याला बघायचा त्याने त्या दिवशी खुशाल बघावा.

४१ गाणी पेनड्राइव्हमध्ये भरून ठेवली आहेत, ती सहाही वेगळ्या फोल्डरमध्ये. येताना आपापला पेनड्राइव्ह आणा, भरून देतो.

समदा जण यवानं!