सायलीच्या वहीची तपासणी: #8B3A62 आणि बासष्टचा घोटाळा

सायली,

वेबपानाच्या रंगांचे कोड rgb आकड्यांत बदललेली तुझी वही काल क्लास सुटल्यावर सावकाश पाहिली. चार रंग, प्रत्येकाच्या कोडमध्ये लाल, हिरवा, निळा असे दोन-दोन चिन्हांचे तीन जोड, म्हणजे एकूण १२ जोड. त्यातले ७ बरोबर आहेत, ५ चुकलेत. आकडा ऐकून खट्टू होऊ नकोस, कारण पाचही चुका एकाच कारणाने झाल्या आहेत. ते कारण कळलं की पाचही एकदम जातील.

आधी येवल्याच्या आत्यांच्या पैठणीच्या दुकानासाठी तू करतेयस त्या पानाचा मुख्य रंग घेऊ. पदराच्या फोटोवरून तू जो कोड उचललास तो #8B3A62. तुझ्या वहीत असं आहे:

```
8B = 8×16 + 11 = 139
3A = 3×16 + 10 = 58
62 = 62
rgb(139, 58, 62)
```

पहिल्या दोन ओळी चोख. A म्हणजे 10, B म्हणजे 11 हे तू कोपऱ्यात चौकट करून लिहून ठेवलंस, ते मला फार आवडलं. A ला 11 धरणारी मुलं दर बॅचला असतात, कारण मोजताना 10 नंतर A येतो असं त्यांना वाटतं. तू तिथे अडकली नाहीस. 3A मध्ये आधी सोळाने गुणून मग बेरीज, हा क्रमही नीट पाळला आहेस.

तिसरी ओळ चुकली. तिच्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात तू लिहिलंयस, "यात अक्षर नाही, बदलायचं नाही." बरं झालं लिहिलंस. नाहीतर मला वाटलं असतं की घाईत राहून गेलं. आता कळतंय की तू विचार करून तसं ठरवलंस, आणि तो विचारच दुरुस्त करायचा आहे.

कोडमधला प्रत्येक जोड सोळाच्या हिशोबात असतो. त्यात अक्षर असो वा नसो. अक्षरं आली ती केवळ नऊच्या पुढे एका घरात मावेल असं चिन्ह आपल्याकडे नाही म्हणून. दहा ते पंधरा हे सहा आकडे एकेका चिन्हात बसवायला A ते F उसने घेतले, बाकी काही नाही. अक्षर दिसलं की हिशोब सोळाचा आणि नाही दिसलं की दहाचा, असं कॉम्प्युटर करत नाही. 62 मधला 6 हा सोळाच्या घरात बसला आहे:

```
62 = 6×16 + 2 = 96 + 2 = 98
rgb(139, 58, 98)
```

सोळा सक शहाण्णव, वर दोन, अठ्ठ्याण्णव.

हे डोक्यात पक्कं बसायला तुझ्या आजीला मदतीला घे. १९५७ च्या आधी रुपयाचे १६ आणे होते. आजीला विचार, "सहा रुपये दोन आणे म्हणजे किती आणे?" ती बासष्ट म्हणणार नाही. सहा सोळे शहाण्णव आणि दोन, अठ्ठ्याण्णव आणे, असंच सांगेल. 62 हा जोड म्हणजे तेच सहा रुपये दोन आणे. 3A म्हणजे तीन रुपये दहा आणे, झाले 58. 8B म्हणजे आठ रुपये अकरा आणे, झाले 139. जोडाची सगळ्यात मोठी किंमत FF, म्हणजे पंधरा रुपये पंधरा आणे, बरोबर 255. सोळावा आणा आला की तो रुपया होतो, म्हणून दुसऱ्या घरात पंधराच्या वर काही जाऊच शकत नाही. मी ही पद्धत वर्गात मुद्दाम सांगते, कारण सोळाचा हिशोब आपल्या घरात परका नाही. "सोळा आणे खरं" आपण अजून म्हणतोच.

दुसरी गोष्ट वाचण्याची. 62 दिसलं की तोंडातून "बासष्ट" निघतं, आणि बासष्ट म्हटलं की दहाचा हिशोब आपोआप झालेला असतो. शिवाय मराठीत बासष्ट म्हणताना "बा" म्हणजे दोन आधी येतो आणि साठ नंतर, त्यामुळे ऐकून लिहिताना 26 लिहिणारेही मी पाहिलेत. म्हणून रंगाचा कोड वाचताना आकडे सुटे वाचायचे: आठ-बी, तीन-ए, सहा-दोन. एकमेकींना कोड सांगतानाही असंच. "सहा-दोन" म्हटलंस की मन आपोआप विचारतं, सहा कशाचे?

आता आत्यांचा फोन. त्या तुला म्हणाल्या, "अगं, हा विटकरी कुठून आणलास? आपली साडी वाईन कलरची आहे." आणि तू मला म्हणालीस की त्यांच्या मोबाईलची स्क्रीन जुनी असेल. स्क्रीनचा दोष नाही. आत्यांच्या डोळ्याने तुझी गणितातली चूक पकडली. कशी ते बघ. मूळ रंगात लाल 139, हिरवा 58, निळा 98. निळा हिरव्यापेक्षा 40 ने जास्त आहे, म्हणून लालाला जांभळ्याची झाक येते आणि तो वाईन दिसतो. तू निळा 62 केलास. आता हिरवा 58 आणि निळा 62, जवळजवळ सारखे. जांभळी झाक गेली, नुसता गडद लाल उरला. तोच विटकरी. दुकानात पैठणी हाताळणाऱ्या बाईला हा फरक लगेच दिसणारच.

तुझा rgb(139, 58, 62) उलटा करून पाहिला असतास तर चूक पानावर जायच्या आधीच सापडली असती. 62 ला 16 ने भाग: तीन वेळा जातो, 48 झाले, उरले 14. 14 म्हणजे E. आला 3E, म्हणजे तुझ्या रंगाचा कोड #8B3A3E होतो. आपण निघालो होतो #8B3A62 वरून. दोन्ही कोड शेजारी लिहिले की शेवटचा जोड बदललेला दिसतो. हा उलटा ताळा प्रत्येक रंगाला करायचा, अर्धा मिनिट लागतो.

बाकीच्या तीन रंगांत हेच घडलंय. काठाच्या जरीसाठी तू #D4AF37 घेतलास, सोनेरीसाठी छान निवड. D4 म्हणजे 212, AF म्हणजे 175, दोन्ही बरोबर. AF मध्ये दोन्ही अक्षरं असूनही चुकली नाहीस. पण 37 तसाच ठेवलास. तीन सोळे अठ्ठेचाळीस आणि सात, 55 हवा. मजकुराच्या काळ्यासाठी #212121, तिथे तू तिन्ही 21 लिहिलेस; दोन सोळे बत्तीस आणि एक, तिन्ही 33 हवेत. आणि पानाच्या मागचा मोतिया #FFF8E7, म्हणजे 255, 248, 231, पूर्ण बरोबर. का बरोबर? कारण त्याच्या तिन्ही जोडांत अक्षर आहे. तुझे सातही बरोबर जोड अक्षराचे आहेत आणि पाचही चुकलेले जोड नुसत्या आकड्यांचे. इतकं स्वच्छ चित्र वहीत क्वचित दिसतं.

जरीची आणि काळ्याची चूक आत्यांना दिसली नाही, तुलाही नाही. त्याचं कारणही समजून घे. अक्षर नसलेला जोड तसाच ठेवला तर उत्तर नेमकं कितीने कमी पडतं? पहिल्या आकड्याच्या सहापट, कारण तिथे सोळाऐवजी दहा धरले जातात. 62 मध्ये सहा सक छत्तीस, तेवढा फरक पडला. 37 मध्ये तीन सक अठरा. 21 मध्ये दोन सक बारा. सोनेरीत निळा मुळातच थोडा, त्यात अठराचा फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही. काळ्यात तर तिन्ही घटक सारखेच घटले, म्हणून तो काळाच राहिला, जरा जास्त गडद इतकंच. म्हणजे डोळ्यावर विसंबून सगळ्या चुका सापडणार नाहीत. 00 ते 09 हे जोड मात्र दोन्ही हिशोबांत सारखेच, कारण तिथे पहिलं घर शून्य आहे. तेवढेच दहा.

एक गोष्ट आणखी, कारण तू पुढे तिथेच जाणार आहेस. पदराच्या मोराच्या फोटोवर तुला वाईन रंगाचा अर्धपारदर्शक पट्टा हवा होता, म्हणून तर हे रूपांतर करायला घेतलंस. दुरुस्त ओळ अशी:

```
background: rgba(139, 58, 98, 0.6);
```

हेच आठ चिन्हांत #8B3A6299 असंही लिहिता येतं. त्यातला शेवटचा जोड 99 म्हणजे रंग किती अपारदर्शक ते, आणि तो पाहून कुणालाही नव्व्याण्णव टक्के वाटेल. पण नऊ सोळे एकशे चव्वेचाळीस आणि नऊ, 153. आणि 153 भागिले 255 म्हणजे बरोबर 0.6. पुन्हा अक्षर नसलेला जोड, पुन्हा सोळाचा हिशोब. इथे फसू नकोस.

विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रामर मोड घेऊन HEX वर 62 टाकलंस तर DEC समोर 98 दिसेल. ते वापर, पण हाताने केल्यानंतर ताळा म्हणून. वर्गात कॅल्क्युलेटर आधी बाहेर काढू देणार नाही.

शनिवारी येताना हे तीन जोड करून आण: 45, 90 आणि 5A. प्रत्येकाखाली उलटा ताळा हवा. पहिल्या दोनांत अक्षर नाही, मुद्दामच दिलेत. पानातले रंग आजच बदल, आणि आत्यांना पुन्हा पाठवताना सांग की दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात, मोबाईल साडीच्या पदराशेजारी धरून बघा. त्या काय म्हणाल्या ते मला कळव, मला उत्सुकता आहे.

मॅडम
कॉलेज रोड, नाशिक