सह्याद्रीचा छेद आणि पाऊस : स्लाइडवरील आकृत्यांचे शब्दवर्णन

बी. ए. द्वितीय वर्ष, महाराष्ट्राचा भूगोल. उजळणीसाठी टिपण.

वर्गात दाखवलेल्या सात स्लाइडवर मजकूर जवळजवळ नव्हता. नकाशे, छेद, बाण आणि छायाचित्रे होती, आणि त्यांचा अर्थ मी तोंडी सांगितला होता. ज्यांनी ते तास ऐकले नाहीत, ज्यांच्याकडे स्लाइड उघडण्याची सोय नाही आणि ज्या दोघा विद्यार्थ्यांना वाचकयंत्राच्या मदतीने ऐकूनच अभ्यास करावा लागतो, त्या सर्वांना हे टिपण एकट्याने पुरावे अशा बेताने लिहिले आहे. म्हणून रंगांचा उल्लेख न करता रंगाने जे दाखवले होते ते शब्दांत दिले आहे, आणि प्रत्येक आकृती कोणत्या दिशेने वाचायची हे आधी सांगितले आहे.

स्लाइड १ : पर्वत, डोंगररांगा आणि नद्यांचा नकाशा

नकाशाची वरची बाजू उत्तर आहे. डाव्या कडेला अरबी समुद्र आणि त्याला जवळजवळ समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलेली जाड रेषा म्हणजे सह्याद्री. या रेषेपासून तीन बारीक रांगा पूर्वेकडे, किंचित आग्नेयेला कलत, फुटलेल्या दिसतात. फणीचा कणा उभा धरावा आणि दात उजवीकडे यावेत तशी ही रचना आहे. दातांमधल्या जागेत नद्या वाहतात.

उत्तरेकडून दक्षिणेकडे बोट फिरवत गेल्यास क्रम असा लागतो : तापी नदी, सातमाळा-अजिंठा रांग, गोदावरी नदी, हरिश्चंद्र-बालाघाट रांग, भीमा नदी, शंभू महादेव रांग, कृष्णा नदी. नदी आणि रांग आलटून पालटून येतात, कारण शेजारच्या दोन नद्यांची खोरी वेगळी करणारा जलविभाजक म्हणजेच ती रांग. हा एक क्रम पक्का झाला की कोणती रांग कोणत्या दोन नद्यांमध्ये आहे हा प्रश्न वेगळा पाठ करावा लागत नाही. तापी मात्र बाकीच्यांसारखी पूर्वेकडे जात नाही. ती पश्चिमवाहिनी आहे, आणि नकाशावर तिचा बाण उलट दिशेला होता.

स्लाइड २ : पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर (छायाचित्र)

छायाचित्रात पावसाळ्यानंतरचा एक डोंगर समोरून दिसतो. त्याच्या उतारावर उभे काळे कडे आणि त्यांच्यामध्ये गवताळ, तिरपे टप्पे असे आडवे पट्टे एकावर एक रचलेले आहेत. माथा टोकदार नसून सपाट आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचातील लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला आणि त्यावर पुन्हा पुढचा थर आला. हे थर पश्चिमेकडे सर्वांत जाड आहेत आणि पूर्वेकडे पातळ होत जातात. प्रत्येक थराचा घट्ट भाग झिजेला दाद देत नाही, त्याचा कडा होतो; वायूच्या पोकळ्यांनी सच्छिद्र झालेला भाग लवकर झिजतो, त्याचा उतार होतो. ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे, आणि हे छायाचित्र पाहिलेल्याला त्याचे कारण सांगावे लागत नाही. सपाट माथ्याचे उत्तम उदाहरण पाचगणीचे पठार आहे; तेथे बेसाल्टवर जांभ्याचे टणक आवरण आहे.

स्लाइड ३ : हरिहरेश्वर ते फलटण छेद

संपूर्ण संचातील ही सर्वांत महत्त्वाची आकृती आहे. पुढच्या चारही स्लाइड हिच्यावरच उभ्या आहेत, त्यामुळे हिच्यावर वेळ घालवावा.

सुमारे १८ अंश उत्तर अक्षवृत्ताच्या लगत, पश्चिमेकडून पूर्वेकडे, भूमी सुरीने कापल्यासारखी दाखवली आहे. डावीकडे समुद्र, उजवीकडे देश. एकूण अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे आणि आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर, तर उभ्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे २५० मीटर असे प्रमाण घेतले आहे.

रेषा समुद्रसपाटीवर हरिहरेश्वरला सुरू होते. तेथून पोलादपूरपर्यंत, म्हणजे जवळजवळ ५० किलोमीटर, ती खालीवर होते, पण एकंदरीत सखलच राहते, हे कोकण. त्यानंतर पुढच्या वीसेक किलोमीटरच्या आत ती एकदम उभी चढते आणि महाबळेश्वरला सुमारे १४०० मीटरच्या उंचीवर पोहोचते. आकृतीत या ठिकाणी रेषा जवळजवळ भिंतीसारखी आहे. माथ्यावरून पूर्वेकडे मात्र उतार वेगळ्या तऱ्हेचा आहे : पाचगणीपर्यंत रेषा उंचच राहते, नंतर कृष्णेच्या खोऱ्यात वाईला सुमारे ७०० मीटरवर उतरते आणि फलटणपर्यंत हळूहळू ६०० मीटरच्या थोडी खाली येते. ती पुन्हा समुद्रसपाटीला टेकत नाही. पश्चिमेचा पायथा आणि पूर्वेचा पायथा एका पातळीवर नाहीत, ही गोष्ट उत्तरपत्रिकांमधील आकृत्यांत दरवर्षी चुकते : सह्याद्री दोन्ही बाजूंनी सारख्या उतरणाऱ्या त्रिकोणासारखा काढला जातो. तो पठाराची उचललेली पश्चिम कड आहे.

दुसरी सूचना प्रमाणाविषयी. १० किलोमीटर म्हणजे १०,००० मीटर. त्याला २५० ने भागले की ४० येतात, म्हणजे उंची अंतराच्या मानाने ४० पट वाढवून दाखवली आहे. ती वाढवली नसती तर १५ सेंटिमीटर लांबीच्या या आकृतीत महाबळेश्वरची उंची जेमतेम दीड मिलिमीटर भरली असती आणि काहीच दिसले नसते. छेद काढताना दोन्ही प्रमाणे लिहिणे म्हणूनच आवश्यक आहे.

स्लाइड ४ : त्याच छेदावर वाऱ्याचे बाण

बाण डावीकडून उजवीकडे वाचावेत. पहिला बाण समुद्रावरून आडवा येतो. हा बाष्पाने भरलेला नैर्ऋत्य मोसमी वारा. सह्याद्रीच्या भिंतीशी येताच बाण वर वळतो, माथ्याच्या अलीकडेच ढगाचे चिन्ह सुरू होते आणि माथ्यापलीकडे बाण खाली उतरतो, तेथे ढग विरळ होत नाहीसा होतो.

बाणांशेजारी लिहिलेले आकडे समजण्यासाठी सोपे केलेले उदाहरण आहे. समुद्रसपाटीवर हवेचे तापमान २८ अंश सेल्सिअस धरले. वर जाताना दाब कमी होतो, हवा प्रसरण पावते आणि त्यामुळे थंड होते. ती संपृक्त नसताना हा दर किलोमीटरला सुमारे १० अंश असतो. ५०० मीटरवर तापमान २३ अंश होते आणि तेथे हवा संपृक्त होते असे मानू. यापुढे सांद्रीभवन सुरू होते, बाष्पाचे पाणी होताना सुप्त उष्णता बाहेर पडते आणि थंड होण्याचा दर किलोमीटरला सुमारे ५ अंशांवर येतो. उरलेल्या ९०० मीटरच्या चढात तापमान साडेचार अंशांनी घटून माथ्यावर १८.५ अंश होते. बरेचसे पाणी पश्चिम उतारावर आणि घाटमाथ्यावर पडून गेले. आता उतरणारी हवा पुन्हा किलोमीटरला १० अंशांनी तापते. ६०० मीटरच्या पातळीवर, म्हणजे ८०० मीटर खाली आल्यावर, ती २६.५ अंशांची असते. चढताना याच ६०० मीटरवर ती २२.५ अंशांची होती. त्याच उंचीवर हवा चार अंशांनी उष्ण आणि पाण्याने दरिद्री झाली. पर्जन्यछायेचे मर्म या चार अंशांत आहे. ‘डोंगर ढग अडवतो’ हे वाक्य परीक्षेत पुरत नाही. हवा चढते, थंड होते, पाणी टाकते आणि उतरताना तापते, ही चारही पावले लिहावीत.

स्लाइड ५ : पावसाचे स्तंभ

छेदावरच्या पाच ठिकाणांच्या वार्षिक पावसाचे पाच उभे स्तंभ, पश्चिमेकडून पूर्वेकडे. किनाऱ्याचा स्तंभ सुमारे ३००० मिलिमीटर, महाबळेश्वरचा ५५०० च्या पुढे, पाचगणीचा महाबळेश्वरच्या साधारण एक तृतीयांश, वाईचा १००० च्या आत, फलटणचा सुमारे ५००. सर्वांत मोठी घसरण महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्यामध्ये आहे आणि ही दोन गावे सरळ रेषेत पंधरा-वीस किलोमीटरच अंतरावर आहेत. उंचीतही फरक फार नाही. यावरून स्पष्ट होते की पाऊस केवळ उंचीने ठरत नाही. ठिकाण माथ्याच्या कोणत्या बाजूला आणि किती मागे आहे यावर तो अवलंबून असतो. घाटमाथ्याला लागून पूर्वेला असलेला, पाऊस वेगाने कमी होत जाणारा अरुंद पट्टा म्हणजे मावळ.

स्लाइड ६ : महिनावार पाऊस

महाबळेश्वरच्या आलेखात जून ते सप्टेंबर हे चारच महिने उंच असून जुलै सर्वोच्च आहे. फलटणच्या बाजूच्या आलेखात जुलै खुजा आणि सप्टेंबर उंच आहे, कारण तेथे भर पावसाळ्यात वारा कोरडा उतरतो आणि परतीच्या काळात पूर्वेकडून येणाऱ्या प्रणालींचा पाऊस तुलनेने अधिक मिळतो.

स्लाइड ७ : एका माथ्यावरून दोन समुद्रांकडे

पुन्हा स्लाइड ३ चाच छेद आहे. महाबळेश्वरच्या बिंदूपासून दोन बाण निघतात. डावा बाण सावित्री नदीचा : ती पश्चिम कड्यावरून उतरते, पोलादपूर आणि महाडजवळून जाते आणि हरिहरेश्वरजवळ, बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्राला मिळते. उजवा बाण कृष्णेचा : वाईवरून ती पूर्वेकडच्या पठारावर उतरते आणि सुमारे १४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. दोघींचे उगम एकाच डोंगरावर आहेत. सावित्रीला शंभरेक किलोमीटरमध्ये सगळी उंची उतरायची असल्यामुळे तिचा वरचा प्रवाह तीव्र आहे आणि ती आपल्या उगमाकडे मागे मागे खोदत जाते. कृष्णेचा उतार मंद असून तिचे खोरे रुंद आहे.

शेवटच्या चौकटीत हाच छेद नावांशिवाय दिला होता. तो वहीत काढा, दोन्ही प्रमाणे लिहा, पाच ठिकाणे आणि दोन नद्या दाखवा, आणि पुढील प्रश्नाचे उत्तर पाच-सहा वाक्यांत लिहा : सावित्रीचे मागे खोदणे असेच चालू राहिले आणि माथा पूर्वेकडे सरकला, तर पाचगणीचा स्तंभ उंच होईल की आखूड, आणि का?