मिरजेहून नागपूरला सुखरूप पोहोचलेला तंबोरा : मनःपूर्वक आभार आणि अभिप्राय

सप्रेम नमस्कार,

माझ्या मुलीसाठी जुलैच्या पहिल्या आठवड्यात आपल्या ऑनलाइन दुकानातून मागवलेला बायकी पट्टीचा, चार तारांचा तंबोरा आमच्या नागपूरच्या घरी सुखरूप पोहोचला. त्याबद्दल आपले आणि आपल्या कारागिरांचे मनापासून आभार मानण्यासाठी, तसेच दूरच्या गावी राहून असे वाद्य मागवावे की नाही या विचारात असलेल्या इतर ग्राहकांना उपयोग व्हावा यासाठी, हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे.

तंबोरा कुरिअरने मागवण्यास आमच्या घरातील सर्वांचा विरोध होता आणि तो अकारण नव्हता. भोपळा म्हणजे शेवटी वाळलेल्या फळाचे कवच असल्यामुळे एका धक्क्यानेही त्याला तडा जाऊ शकतो. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तो गळ्याचा सांधा वाद्य आडवे ठेवून त्यावर भार पडला की उकलू शकतो, आणि तबलीवर घोडीचा दाब पडलेला असताना खोके आपटले गेले तर तबलीही चिरते. म्हणूनच आमच्याकडील गाणारी मंडळी पूर्वी स्वतः मिरजेला जात आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसने परतताना तंबोऱ्याला बर्थ देऊन स्वतः रात्रभर बसून येत. मुलीच्या गुरुजींनीही मला तोच सल्ला दिला होता. मात्र पावसाळ्यात रजा काढून एवढा प्रवास करणे शक्य नसल्यामुळे मी आपल्याला फोन केला. तेव्हा आपण किमतीविषयी बोलण्याआधी वाद्य कसे बांधणार हे समजावून सांगितले आणि तिथेच माझा निर्णय झाला.

आपण सोमवारी दुपारी तंबोरा रवाना केला आणि गुरुवारी सकाळी तो आमच्या दारात होता. ऐन पावसात, साडेचार फुटांहून लांब असलेली पेटी राज्याच्या एका टोकाहून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत इतक्या लवकर येईल, अशी अपेक्षा मी ठेवली नव्हती. रवाना करण्यापूर्वी तंबोरा काळी चारमध्ये लावून त्याची चित्रफीत पाठवली, त्यानंतर बांधणीच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे पाठवली आणि कुरिअरच्या संकेतस्थळावर मधला एक दिवस कोणतीच नोंद दिसत नव्हती तेव्हा मी विचारण्याआधीच स्वतः चौकशी करून पेटी पुण्याहून पुढे निघाल्याचे कळवले. वेगाइतकेच हे कळवत राहणे मला मोलाचे वाटले.

खरे कौतुक मात्र बांधणीचे आहे. पेटी प्लायवूडची होती आणि तिचे झाकण खिळ्यांऐवजी स्क्रूंनी बसवलेले होते. कोणता स्क्रू आधी काढायचा हे झाकणावरच क्रमांक घालून लिहिलेले असल्यामुळे कुठेही हातोडी चालवण्याची किंवा पटाशीने उचकटण्याची वेळ आली नाही. आत भोपळ्याभोवती फोमचे कडे असे बसवले होते की भोपळा पेटीच्या तळाला किंवा बाजूंना कुठेच टेकत नव्हता. गळ्याखाली स्वतंत्र उशी होती आणि दांडीला दोन ठिकाणी आधार होता, त्यामुळे सांध्यावर वजनच येत नव्हते. तारा सैल करून घोडी काढून ठेवली होती. ती वेगळ्या मऊ कापडात गुंडाळून तिच्यावर चिठ्ठी चिकटवली होती आणि तबलीवर तिची जागा दाखवणारी कागदी पट्टी अशा चिकटपट्टीने लावली होती जी काढल्यावर पॉलिशवर डागही राहिला नाही. सैल तारांनी तबलीवर ओरखडे पडू नयेत म्हणून त्यांच्याखाली फोमचा पातळ तुकडा सरकवला होता, हे पाहून गुरुजी केवळ हसले आणि ‘हे काम जाणत्या माणसाचे आहे’ एवढेच म्हणाले. फुगवलेल्या पिशव्या कोंबून खोके भरणे कोणालाही जमते. वाद्य नेमके कुठे दुखावते हे ठाऊक असणाऱ्यालाच असे बांधता येते, हे त्यांचे मत मला पूर्णपणे पटले.

पावसाचा विचारही आपण केला होता. गवसणीवर प्लॅस्टिकचे आवरण होते आणि आत ओलावा शोषून घेणाऱ्या पुड्या होत्या. लाकूड दमटपणाने फुगले की खुंट्या अडकतात आणि कोरडे पडले की त्या सरकतात. आमच्या खुंट्या पहिल्याच दिवशी सहज फिरल्या आणि लावल्या तिथे टिकल्या. तरीही सोबत खडूचा तुकडा, जवारीसाठीचे सूत आणि तारांचा एक जादा संच ठेवला होता. सूचनांच्या कागदावर घोडी बसवण्यापासून तारा हळूहळू, एका दमात न ताणता, सुरात आणण्यापर्यंतचा क्रम स्वच्छ मराठीत लिहिला होता. अक्षरे मात्र थोडी मोठी असावीत, कारण तंबोरे विकत घेणाऱ्यांमध्ये माझ्यासारखे चष्मेवाले बरेच असतील.

वाद्याविषयी सांगायचे तर जवारी गोल आणि भरीव आहे, खर्जाची पितळी तार लांबपर्यंत घुमते आणि जोडीच्या तारा मिळाल्या की खोली भरून जाते. पॉलिशचा रंग छायाचित्रातील रंगापेक्षा किंचित गडद निघाला. आम्हाला तो आवडला, पण रंगाबाबत काटेकोर असणाऱ्यांनी दिवसाच्या उजेडातील छायाचित्र मागून घ्यावे. बांधणी आणि पाठवणीसाठी आपण वेगळे २,८०० रुपये आकारले, ते यादीत पाहताना जास्त वाटले होते. पेटी उघडल्यावर त्यातील लाकूड, फोम आणि कारागिराचा वेळ यांचा अंदाज आला आणि ती रक्कम योग्यच वाटली. या खर्चात काटकसर करण्याचा आग्रह ग्राहकांनी धरू नये, असे मी स्पष्टपणे सुचवेन.

बांधणी, वेळेवर पाठवणी, संपर्क आणि वाद्याचा दर्जा या चारही बाबतींत मी पाचपैकी पाच गुण देत आहे. ज्या कारागिराने हा तंबोरा बांधून दिला त्याच्यापर्यंत आमचे आभार कृपया पोहोचवावेत.

आता एक विनंती. गुरुजींच्या जुन्या तंबोऱ्याची जवारी उतरली आहे आणि ती मिरजेतच करून घ्यावी अशी त्यांची इच्छा आहे. आपली पेटी आम्ही स्क्रूंसह जपून ठेवली आहे. त्यांचा भोपळा थोडा मोठा असल्यामुळे फोमचे कडे कापून रुंद केले तर चालेल का, आणि जवारीच्या कामाला किती खर्च येईल, हे कृपया कळवावे. आपले उत्तर आले की पेटी त्याच आठवड्यात आपल्याकडे रवाना करू.

आपली कृतज्ञ,
एक ग्राहक, नागपूर