एमएस्सी जिऑलॉजीच्या निरोप समारंभातलं माझं भाषण

नमस्कार. एचओडी मॅडम, सगळे सर, मॅडम, लॅबमधले मामा, आणि मागच्या दोन रांगा धरून बसलेले एफवायवाले. मला पाच मिनिटं दिलीत. अँकरने आत्ताच कानात सांगितलंय की पाच म्हणजे पाचच. पण जिऑलॉजीच्या माणसाला वेळ देताना जरा विचार करायचा असतो, आपल्याकडे दहा लाख वर्षं इकडे तिकडे झाली तरी कोणी रागवत नाही.

मी सांगोल्याहून आलो. बीएस्सीला जिऑलॉजी का घेतली तर केमिस्ट्रीची लिस्ट आधीच बंद झाली होती म्हणून, हे मी इंटरव्ह्यूला सांगितलं नव्हतं, आज सांगतो, आता काय डिग्री काढून घेणार आहात का. इथे आलो तेव्हा मला वाटायचं आपल्याला दगड ओळखता येतात. महाराष्ट्रात ओळखायला आहेच काय, जिकडे बघावं तिकडे बेसॉल्ट, शेजारची राज्यं धरून साधारण पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, डोळे मिटून उत्तर द्यायचं आणि पास व्हायचं.

मग पहिली फील्ड ट्रिप, वरंधा घाट. सर एका कड्यापाशी थांबले आणि मला विचारलं, हे काय आहे. मी छाती काढून म्हटलं, बेसॉल्ट सर. सर म्हणाले, "नाव नको. काय दिसतंय ते सांग." मी परत म्हटलं, बेसॉल्टच दिसतोय सर. सगळी बॅच हसली. सर नाही हसले, ते तिथेच दगडावर बसले, बाटली उघडून पाणी प्यायले आणि म्हणाले, बस, घाई नाही आपल्याला. वीसएक मिनिटं मी त्या कड्यासमोर बसून होतो. आधी काळं दिसलं. मग खालचं काळं नि वरचं काळं वेगळं दिसलं, वरच्या भागात बारीक भोकं होती, काही भोकांत पांढरं काहीतरी भरलेलं, आणि त्याच्याही वर हातभर जाडीचा विटेसारखा लाल पट्टा. त्याला रेड बोल म्हणतात हे मला पुस्तकातून पाठ होतं की हो, पाच मार्कांची टीप लिहून आलो होतो त्याच्यावर, पण समोर असून तो मला दिसला नव्हता. एक लाव्हा येऊन थंड झाला, त्याचा वरचा भाग उन्हापावसात कुजून लाल झाला, मग दुसरा लाव्हा आला, म्हणजे तो पट्टा ही दोन लाव्हांमधली मधली सुट्टी. हे माझं वाक्य नाही, सरांचं आहे, मी फक्त व्हायव्हाला वापरून मार्क घेतले.

त्या दिवाळीत घरी गेलो तर वडील विहिरीचं खोलीकरण करत होते. मी वरून वाकून बघितलं आणि म्हटलं, अण्णा, हा खालचा थर अमिग्डलॉइडल आहे, भरलेल्या भोकांचा. अण्णा म्हणाले, "मांजऱ्या हाय त्यो. ह्येच्याखाली गेरू लागंल, मग काळा पाषाण." आणि खरंच तसंच लागलं. दीड सेमिस्टर मी जे शिकत होतो ते अण्णांना नावासकट माहीत होतं, फक्त नावं वेगळी. थोडा राग आला, खोटं कशाला बोलू. पण इथे परत येऊन मॅडमना सांगितलं तर मॅडमनी वहीच काढली आणि मांजऱ्या हा शब्द लिहून घेतला, कुठल्या गावात म्हणतात, थर किती जाड, पाणी कुठून पाझरतं, सगळं विचारलं. मॅडम, तुमच्या लक्षात नसेल, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी या डिपार्टमेंटचा आहे. माझं डिसर्टेशन भूजलावर का झालं याचं कारण तेच आहे, प्रस्तावनेत जे लिहिलंय ते नाही.

आता मामा. मामांचं नाव आभाराच्या यादीत शेवटी येतं नेहमी, म्हणून मी मध्येच घेतो. थिन सेक्शन म्हणजे काय हे घरच्यांना माहीत नसेल तर सांगतो, दगडाची चकती काचेला चिकटवायची आणि कार्बोरंडमच्या पावडरीवर घासत घासत 0.03 मिलिमीटरवर आणायची, म्हणजे त्यातून उजेड आरपार जातो. माझ्या पहिल्या चार स्लाइड घासून घासून गायब झाल्या, नुसती काच उरली. पाचवीला मामा मागे येऊन उभे राहिले नि म्हणाले, "डोळ्यानं घासू नको, कानानं घास. आवाज बारीक झाला की थांबायचं." ती पाचवी स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावली, निकोल क्रॉस केले, स्टेज फिरवलं, आणि प्लॅजिओक्लेजचे ते काळेपांढरे पट्टे असे उजळायला लागले की मी जेवायलाच गेलो नाही. काळा दगड आतून तसा असतो हे कोणाला सांगून पटत नाही. मामा, तुम्ही कुठल्याही पेपरात लेखक नाही आहात, पण इथल्या निम्म्या फोटोमायक्रोग्राफ तुमच्या आहेत.

क्रिस्टलोग्राफीच्या सरांचेही आभार, त्यांच्यामुळे मी तो पेपर दोनदा शिकलो. सर, हसू नका, दुसऱ्यांदा बरा समजला.

ज्युनिअर्स, तुमचं काय बोलू. लोणारला सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीच्या त्या खड्ड्यात उतरून परत वर चढताना माझ्या सॅम्पलच्या पिशव्या तुम्ही उचलल्या, आणि येताना एसटीत कंडक्टर म्हणाला, एवढं काय आहे पिशवीत, तर तुमच्यातल्या एकीने शांतपणे "दगड" सांगितलं आणि त्याने आपल्या सगळ्यांकडे ज्या नजरेने बघितलं ते मी विसरणार नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री तुम्ही तिघं दोन वाजेपर्यंत माझ्या नकाशांचे स्केल तपासत बसलात, स्वतःची इंटर्नल दुसऱ्या दिवशी असताना. त्या रात्रीचे वडापाव माझ्याकडे उधार आहेत, तारीख तुम्ही ठरवा. बाकी सल्ला वगैरे देणार नाही, तुम्ही ऐकतही नाही. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटातला डावीकडचा ड्रॉवर आता तुमचा, चावी देऊन जातो. त्यात एक तडा गेलेली स्लाइड आहे, 17 नंबरची, ती फेकू नका, तिच्यात सगळ्यात सुंदर झिओलाइट आहे.

माझ्या बॅचबद्दल बोलायला लागलो तर रडेन, आणि रडताना माझा आवाज फार वाईट येतो, तर ते ग्रुपवर.

शेवटचं. सर, अण्णांनी तुमच्यासाठी विहिरीतला एक तुकडा पाठवलाय, पेपरात गुंडाळून आणलाय, हा घ्या. लेबल लावलेलं नाही. घाई नाही सर, बसा निवांत, आणि काय दिसतंय ते सांगा.

मामा, चहा येऊ द्या.