सीएनसी टर्निंग विभाग: ऑपरेटर प्रशिक्षणाचा प्रस्ताव

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक

विषय: बोअर रिजेक्शन कमी करण्यासाठी 22 ऑपरेटरांच्या प्रशिक्षणास ₹1,35,320 मंजुरी मिळणेबाबत.

महोदय,

मागील महिन्यात 40,000 नगांत 1,520 रिजेक्ट झाले (3.8 टक्के). त्यातले 900 फक्त 32 H7 बोअरचे. भंगाराची किंमत वजा जाता एका नगामागे ₹210 बुडतात, म्हणजे बोअरपायी महिन्याला ₹1,89,000.

जॉबकार्ड तपासून या 900 ची कारणे लावली. ऑफसेट चुकीचा दिल्याने 380, मापन चुकल्याने 290 आणि झिजलेले जॉ व खराब इन्सर्टमुळे 230. शेवटचे 230 प्रशिक्षणाने सुटणार नाहीत. ते देखभालीचे काम आहे, म्हणून ते या हिशेबात धरलेले नाहीत.

ऑफसेटची चूक नेमकी कुठे होते ते पाहावे. इन्सर्ट बदलल्यावर सेटर मुद्दाम वेअर −0.030 ठेवतो, म्हणजे बोअर लहान राहते. पहिला नग 31.990 आला की 0.022 वाढवायचे असतात. ऑपरेटर `+INPUT` ऐवजी `INPUT` दाबतो, जुना आकडा पुसला जाऊन वेअर 0.022 होते आणि बोअर 0.052 ने वाढून 32.042 येते. मर्यादा 32.025 ची, नग थेट भंगारात.

मापनात दोन गोष्टी नडतात. एक, रिंग गेजवर बोअर गेज झिरो न करताच शिफ्ट सुरू होते. दुसरी, गरम नग मोजला जातो. 20 अंश जास्त तापलेल्या स्टीलमध्ये हे बोअर सुमारे 7 मायक्रॉन मोठे दिसते आणि 25 मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये तेवढे पुष्कळ झाले. एकच बोअर सर्वांना मोजायला दिले, तेव्हा 22 पैकी 9 जणांचे माप 5 मायक्रॉनपेक्षा जास्त चुकले.

प्रशिक्षण 11 जणांच्या दोन तुकड्यांत, प्रत्येकी 16 तास: 6 तास मापन, 10 तास मशीनवर. सरावासाठी रिजेक्ट नगच वापरू.

खर्च:
प्रशिक्षक, 4 दिवस: ₹60,000
ऑपरेटरांचे वेतन, 352 तास × ₹110: ₹38,720
मशीन बंद, 16 तास × ₹600: ₹9,600
रिंग गेज व दोन बोअर गेज: ₹27,000

670 पैकी 450 नग वाचवणे हे उद्दिष्ट आहे. म्हणजे महिन्याला ₹94,500 आणि एकूण रिजेक्शन 2.7 टक्क्यांच्या आसपास. उद्दिष्ट गाठल्यापासून दीड महिन्यात खर्च वसूल होतो. सेटिंगचा वेळही घटेल, पण तो मोजण्याची आज सोय नाही, म्हणून धरलेला नाही.

दुसरी तुकडी 30 दिवसांनी घ्यावी. तोवर जॉबकार्डावरील ऑपरेटर क्रमांकानुसार दोन्ही तुकड्यांची तुलना होईल. पहिल्या तुकडीचे या दोन कारणांचे रिजेक्शन निम्म्यावर आले नाही, तर दुसरी तुकडी रद्द करावी. तिचा प्रशिक्षक, वेतन व मशीन मिळून ₹54,160 वाचतील.

दरम्यान, वेअरच्या एका नोंदीला कंट्रोलरमध्ये कमाल मर्यादा घालायला देखभाल विभागाला सांगावे. त्याला खर्च नाही.

मंजुरी 10 तारखेपर्यंत मिळाल्यास पहिली तुकडी पुढच्या आठवड्याच्या सुट्टीला जोडून घेता येईल, मशीन थांबवण्याचे तास तेव्हा कमी लागतात.

आपले,
गुणवत्ता व प्रशिक्षण विभाग