नवा माठ, जुना माठ आणि स्टीलचा गंज: निष्कर्ष (पुन्हा लिहिलेला)

इयत्ता नववी, विज्ञान प्रकल्प, गट ३
ठिकाण: शाळेची प्रयोगशाळा, नागपूर
कालावधी: मार्चचा शेवटचा आठवडा, सोमवार ते गुरुवार, सकाळी ७.३० ते ११.३०

पहिल्या वेळी आम्ही असा निष्कर्ष लिहिला होता: "नवा माठ जुन्या माठापेक्षा पाणी जास्त थंड करतो, कारण जुन्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात, हे प्रयोगाने सिद्ध झाले. बुधवारी आभाळ आल्यामुळे प्रयोग चुकला, म्हणून त्या दिवसाची निरीक्षणे घेतली नाहीत." मॅडमनी खाली लाल पेनाने विचारले, "हे तक्त्यात कुठे आहे?" आम्ही चौघींनी तक्ता पुन्हा वाचला. त्यात ते नव्हते. शिवाय बुधवारची निरीक्षणे "घेतली नाहीत" हेही खरे नव्हते. घेतली होती, कच्च्या वहीत आहेत, अहवालात उतरवली नव्हती. आता उतरवली आहेत.

तिन्ही भांड्यांत रोज सकाळी एकाच बादलीतले ४ लिटर पाणी भरले. सोमवार, मंगळवार आणि गुरुवारी सुरुवातीचे तापमान २९° से. होते, बुधवारी २८° से. चार तासांनी, म्हणजे ११.३० ला, तापमाने अशी होती:

| वार | खोली | नवा माठ | जुना माठ | स्टीलचा गंज |
|---|---|---|---|---|
| सोमवार | ३३ | २४ | २४.५ | ३० |
| मंगळवार | ३३ | २४ | २४ | ३० |
| बुधवार (ढगाळ, रात्री पाऊस) | ३० | २६ | २६ | २८.५ |
| गुरुवार | ३३ | २४.५ | २४ | ३० |

(सर्व आकडे अंश सेल्सिअसमध्ये.)

निष्कर्ष

दोन्ही माठांनी चारही दिवस पाणी थंड केले. कोरड्या तीन दिवसांत ते ४.५ ते ५ अंशांनी उतरले, तर झाकलेल्या स्टीलच्या गंजातले पाणी त्याच खोलीत १ अंशाने तापले. हा फरक मोठा आहे आणि तिन्ही दिवस तसाच आला, म्हणून एवढे आम्ही खात्रीने म्हणतो.

नव्या आणि जुन्या माठात मात्र आम्हाला फरक दिसला नाही. सोमवारी नवा अर्ध्या अंशाने पुढे होता, गुरुवारी जुना, मधले दोन दिवस दोघे सारखे. आमच्या थर्मामीटरवर १ अंशाच्या रेघा आहेत. अर्धा अंश आम्ही दोन रेघांच्या मधे डोळ्याने धरला आहे, तेव्हा अर्ध्या अंशावरून कोण सरस हे ठरवता येत नाही. "दोन्ही माठ अगदी सारखेच थंड करतात" असेही आम्ही लिहीत नाही. फरक असलाच तर तो आमच्या थर्मामीटरला दिसण्याइतका नव्हता, एवढेच लिहितो.

पहिल्या खर्ड्यात आमचा सगळा भर वजनावर होता. गुरुवारी चार तासांत नव्या माठाचे वजन १२५ ग्रॅमने घटले आणि जुन्याचे ८० ग्रॅमने. यावरून आम्ही लिहिले होते की नव्या माठातून बाष्पीभवन दीडपट होते. पण नवा माठ झिरपत होता. त्याच्या खाली ठेवलेल्या ताटलीत पाणी साचायचे. पहिले तीन दिवस आम्ही ते फडक्याने पुसून टाकले (टेबल ओले होते म्हणून, दुसरे काही डोक्यात नव्हते). गुरुवारी ताटलीतले पाणी वेगळे तोलले, ते ४० ग्रॅम भरले. म्हणजे नव्या माठातून वाफ होऊन गेलेले पाणी फार तर ८५ ग्रॅम. जुन्या माठाखालची ताटली कोरडीच होती, तेव्हा त्याचे ८० ग्रॅम वाफेतच गेले. ८५ आणि ८०! आमच्या काट्यावर ५ ग्रॅम ही सर्वांत लहान खूण आहे. पहिल्या तीन दिवसांचे झिरपलेले पाणी तोललेले नसल्याने त्या दिवसांच्या वजनावरून नव्या माठाबद्दल काहीच म्हणत नाही.

झिरपून गेलेले पाणी माठाला थंड करत नाही, ते द्रवरूपातच खाली जाते. थंड करते ते वाफ होणारे पाणी, कारण १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेतली जाते. ४ किलो पाणी ५ अंशांनी उतरायला सुमारे ८४ हजार ज्यूल काढून घ्यावे लागतात, त्याला ३५ ग्रॅम बाष्पीभवन पुरते. जुन्या माठातून गेले ८० ग्रॅम. उरलेले बाष्पीभवन खोलीतल्या गरम हवेतून सतत येणारी उष्णता परतवण्यात आणि माठाची माती थंड करण्यात खर्ची पडले असावे. हे मोजलेले नाही, हिशेबावरून म्हटले आहे.

बुधवारबद्दल. त्या दिवशी प्रयोग चुकला नव्हता, निकाल आम्हाला हवा तसा नव्हता. दोन्ही माठांतले पाणी फक्त २ अंशांनी उतरले आणि जुन्या माठाचे वजन ८० ऐवजी ५० ग्रॅमने घटले. चार दिवसांत माठांच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक हाच आहे. म्हणजे आमच्या तक्त्यात नवा की जुना यापेक्षा दिवस कोणता याने जास्त फरक पडला. हवा दमट असली की बाष्पीभवन मंदावते, नागपुरात मृगाचा पाऊस पडला की कूलर घरोघरी निकामी होतो तो याच कारणाने. बुधवारीही तेच झाले असावे. पण आम्ही आर्द्रता मोजली नाही, आणि त्या दिवशी खोलीचे व सुरुवातीच्या पाण्याचे तापमानही वेगळे होते. त्यामुळे "आर्द्रतेमुळे झाले" असे न लिहिता "ढगाळ, पाऊस झालेल्या दिवशी झाले" असे लिहितो. एकच दिवस असल्याने त्याहून पुढे जात नाही.

क्षारांच्या गृहीतकाचे काय झाले

आमचे गृहीतक आजीच्या बोलण्यावरून आले होते. ती दर उन्हाळ्यात म्हणते, "जुन्या माठात पाणी थंड नाही होत बापा, नवा आणा." आजी चुकली असे आमचा प्रयोग सांगत नाही. जुना माठ दोन उन्हाळे वापरलेला होता आणि बाहेरून पांढरा थर धरलेला होता, पण शाळेत आणण्याआधी घरी तो नारळाच्या काथ्याने घासून स्वच्छ केला गेला. माठ शाळेत न्यायचा तर चकचकीत दिसावा म्हणून. ज्या थरामुळे थंडावा कमी होतो असे आम्हाला तपासायचे होते, तोच थर निदान बाहेरून तरी आम्ही काढून टाकला. पहिल्या अहवालात हे लिहिलेच नव्हते. तेव्हा क्षारांनी छिद्रे बुजतात की नाही, हा प्रश्न या प्रयोगातून सुटलेला नाही, आणि तो तपासला असेही म्हणता येत नाही.

माठही एकेकच होते. नवा गोकुळपेठेच्या बाजारातून १८० रुपयांना आणला, जुना कुठला ते घरी कोणाला आठवत नाही. दोन्हींच्या भिंतींची जाडी आम्ही मोजली नाही. म्हणून वरचे सगळे या दोन माठांबद्दल आहे.

अहवालात केलेले इतर बदल

"सिद्ध झाले" हे शब्द दोन ठिकाणी होते, दोन्ही काढले. बुधवारची ओळ तक्त्यात घातली. आलेखातली जुन्या माठाची रेघ आम्ही हाताने थोडी वर ओढली होती, ती निरीक्षणांच्या बिंदूंतून पुन्हा काढली. आता ती नव्या माठाच्या रेघेवर जवळजवळ बसते, म्हणून एक निळी आणि एक तुटक ठेवली आहे. गृहीतक मूळ शब्दांत तसेच राहू दिले आहे.