शिट्टी वाजल्यानंतर

व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, आदरणीय मुख्याध्यापक, सहकारी शिक्षक, पालक आणि विद्यार्थी मित्रहो,

स्नेहसंमेलनात क्रीडाशिक्षकाने वर्षभराच्या पदकांची यादी वाचून दाखवावी, असा आपल्याकडे रिवाज आहे. ती यादी वार्षिक अहवालात छापली आहे, त्यामुळे मी ती वाचणार नाही. मला बोलायचे आहे ते आपल्या १७ वर्षांखालील मुलींचा खो-खो संघ एका गुणाने हरला, त्या जिल्हास्तरीय अंतिम सामन्याविषयी.

दोन्ही डाव संपले तेव्हा गुण समान होते, म्हणून अलाहिदा डाव खेळवण्यात आला. त्याच्या अखेरच्या मिनिटात आपल्या आक्रमक खेळाडूने गडी टिपला, परंतु त्याआधी तिचा पाय मध्यपाटीला लागल्याचा निर्णय पंचांनी दिला आणि तो गडी बाद धरला गेला नाही. मी उभा होतो तेथून मला तो फाउल दिसला नव्हता. पण निर्णय पंचांचा असतो. प्रशिक्षकाला काय दिसले, याची नोंद गुणपत्रिकेत होत नाही. मैदानाबाहेरून आरडाओरडा सुरू झाला, तरी आपली कर्णधार पंचांशी एक शब्दही वाद न घालता संघाला रांगेत घेऊन गेली, प्रतिस्पर्धी मुलींशी तिने हस्तांदोलन केले, आणि मगच सगळ्या जणी मैदानाच्या कडेला येऊन मनसोक्त रडल्या.

त्या रडल्या याचे मला वाईट वाटले नाही. पराभव हसतमुखाने स्वीकारावा, असे आपण सहज म्हणून जातो; मला ते फारसे पटत नाही. जूनपासून रोज पहाटे चिखलात धावलेल्या मुलीला हरल्याचे दुःख झालेच पाहिजे. फक्त त्या दुःखाचा राग पंचांवर, समोरच्या संघावर किंवा ज्या मैत्रिणीचा पाय पाटीला लागला तिच्यावर निघता कामा नये. परतीच्या गाडीत त्या मैत्रिणीशेजारी कोण बसणार यावरून मुलींमध्ये चढाओढ लागली होती, एवढे सांगितले तरी पुरे.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे नाव प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले आणि ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. त्याआधीचे १९४८ चे लंडन ऑलिंपिक मात्र आपण भाषणात गाळतो. मातीच्या आखाड्यात वाढलेल्या या मल्लाला तेथे मॅटवर, सवयीच्या नसलेल्या नियमांनी लढावे लागले आणि त्यांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. त्यांनी मॅटला दोष देत बसण्याऐवजी पुढची चार वर्षे तयारीत घालवली, आणि हेलसिंकीला ते आधीपेक्षा वरच्या वजनगटात उतरले.

शाळेचा संघ काय शिकवतो, असे पालक मला विचारतात. बहुधा त्यांच्या मनात दहावीचे वाढीव गुण असतात. ते गुण जरूर घ्यावेत. पण खो-खोमध्ये पाठलाग करणारी खेळाडू खो देते त्या क्षणी तिला स्वतः खाली बसावे लागते. दमछाक तिची झालेली असते, आणि गडी मारल्याच्या टाळ्या जिला खो मिळाला तिला मिळतात. हे एका सामन्यात अनेकदा करावे लागते आणि तेही मनात किंतु न ठेवता, कारण खो द्यायला क्षणभर उशीर झाला तर समोरचा गडी निसटतो. आपले श्रेय वेळेवर दुसऱ्याच्या हाती देण्याची ही सवय वर्गातल्या कोणत्याही धड्यापेक्षा मैदानावर लवकर लागते, असे माझे अनुभवाचे मत आहे. राखीव खेळाडूंचे शिक्षण याहून कठीण असते. त्या सराव तेवढाच करतात, सामन्याच्या दिवशी गणवेश घालून बसतात, आणि कित्येकदा मैदानात न उतरताच घरी जातात.

पालकांना एक विनंती आहे. सामना हरून मूल घरी आले की पहिल्याच घोटभर पाण्याबरोबर ‘कोणामुळे हरलात?’ असे कृपया विचारू नका. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मूल कोणाचे तरी नाव घेते, आणि दुसऱ्या दिवशी सरावाला ते नाव माझ्यासमोर मान खाली घालून उभे असते. चुकांची चर्चा आम्ही करतो. या अंतिम सामन्याची चर्चा तर आम्ही दोन दिवस केली, आणि पाटीजवळ वळताना पाऊल कसे टाकावे याचा सराव तेव्हापासून रोज चालू आहे.

पुढील वर्षाच्या संघासाठी निवड चाचणी सोमवारी सकाळी साडेसहा वाजता शाळेच्या मैदानावर होईल. या वर्षी ज्यांची निवड झाली नव्हती, त्यांनीही अवश्य यावे.

आता पारितोषिक वितरणाला सुरुवात करू या. जिल्हास्तरीय उपविजेत्या संघाने व्यासपीठावर यावे, आणि रांगेत सर्वांत पुढे राखीव खेळाडूंनी यावे, अशी मी विनंती करतो.